लग्नाची सामायिक प्लेलिस्ट: गाणी कोण टाकणार, कोण काढणार?

ऋतुजा_क

भावाच्या लग्नाच्या स्वागत समारंभाची गाणी माझ्या गळ्यात पडली आहेत. तीन आठवड्यांपूर्वी हौसेने स्पॉटिफायवर प्लेलिस्ट केली, Invite collaborators मधून लिंक घेतली आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. म्हटलं, प्रत्येकाला आपल्या आवडीचं टाकू दे. सुरुवातीला मजा आली. काका, आत्या, भावाचे मित्र, सगळे जमले. परवा रात्री २१४ गाणी होती. नक्की आकडा सांगू शकते, कारण वहिनीने कौतुकाने त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता. काल सकाळी उघडलं तर १५१.

६३ गाणी रातोरात गायब! ग्रुपवर विचारलं तर सगळे साळसूद. प्रश्न दोन आहेत. एक, ही गाणी कोणी काढली हे कळतं का? दोन, लोकांना गाणी टाकता येतील पण काढता येणार नाहीत असं काही सेटिंग आहे का? समारंभाला अठरा दिवस उरलेत.

पेनड्राइव्हवाला

गाणी काढायला फार सोपं आहे. व्हिडिओची लिंक टाकली की आवाज वेगळा काढून देणारी ॲप्स मिळतात. मी सगळी गाणी अशीच काढून पेन ड्राइव्हमध्ये ठेवतो. कोणाची कटकट नाही.

ऋतुजा_क

दादा, "काढणे" म्हणजे डिलीट करणे! यादीतून उडवणे.

पेनड्राइव्हवाला

अरेच्चा. मग तर पेन ड्राइव्हच बरा. तो माझ्या खिशात असतो, त्यातलं कोण काय उडवणार?

बंडोपंत

सोपा उपाय आहे. प्लेलिस्टच्या तीन टिंबांवर जा आणि Make private करा. झालं. मग तुमच्याशिवाय कोणीही हात लावू शकणार नाही. मी माझ्या सगळ्या याद्या प्रायव्हेटच ठेवतो, आजवर एक गाणं हललेलं नाही.

तारसप्तक

बंडोपंत, तुमच्या यादीतली गाणी हलली नाहीत कारण तिथे तुमच्याशिवाय कोणी नव्हतंच. प्रायव्हेट केल्याने बाहेरच्या लोकांना यादी दिसत नाही एवढंच. ज्यांना आधीच collaborator केलंय ते आतच राहतात, आणि त्यांचे टाकण्या-काढण्याचे हक्कही राहतात. ऋतुजाच्या अडचणीत चोर घरातलाच आहे, मग बाहेरचं दार लावून काय उपयोग?

ऋतुजा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: नाही. स्पॉटिफायवर ज्याला टाकता येतं त्याला काढताही येतं आणि वरखालीही करता येतं. स्वतः टाकलेलंच नव्हे, कोणाचंही. "फक्त टाका" अशी मधली पायरी नाही. त्यामुळे ती सोय सेटिंगमध्ये शोधू नकोस, यादीची मांडणी बदलूनच ती मिळवावी लागते. ते पुढे सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं आहे. कोणी टाकलं ते दिसतं, कोणी काढलं ते दिसत नाही. काढलेल्या गाण्याची कुठेही नोंद दिसत नाही. पण अंदाज बांधता येतो. संगणकावर प्लेलिस्ट उघड. तिथे Added by असा रकाना दिसेल, कोणाची किती गाणी उरलीत ते त्यावरून मोज. एकाच माणसाची सगळी गाणी गेली असतील तर बहुधा त्यानेच रुसून काढली. अनेकांची थोडीथोडी गेली असतील पण सगळी एकाच धाटणीची असतील, तर कोणीतरी आपल्या आवडीनुसार साफसफाई केली. आणि वरची किंवा खालची सलग गेली असतील तर लहान मुलाच्या हातात फोन होता. बघून सांग.

मी_मधुरा

आमच्याकडे सगळे आयफोनवाले, म्हणून आम्ही ॲपल म्युझिकवर केलं. तिथे तुला हवं ते आहे. Approve Collaborators नावाचं बटण आहे, ते चालू केलं की तुमच्या मंजुरीशिवाय काही होत नाही. मी बहिणीच्या साखरपुड्याला वापरलं होतं.

तारसप्तक

मधुरा, ते बटण चांगलं आहे, पण ते माणसाला मंजुरी देतं, गाण्याला नाही. लिंक उघडून कोणी आत यायला बघितलं की मालकाला विचारणा येते, "याला घेऊ का?" एकदा हो म्हटलं की तो माणूस गाणी टाकू शकतो, काढू शकतो, क्रम बदलू शकतो. पुढे प्रत्येक गाण्यामागे विचारत नाही.

मी_मधुरा

हो की! आम्ही सातच जण होतो आणि सातही जण शहाणे, म्हणून हे कधी जाणवलंच नाही. तरी लिंक भलत्या ग्रुपवर गेली तर हे बटण कामाचं आहे ना?

तारसप्तक

नक्कीच. स्पॉटिफायच्या निमंत्रणाच्या लिंकला ती गाळणी नाही. लिंक ज्याच्या हातात तो आत. ती लिंक सात दिवसांनी आपोआप मरते, पण मोठ्या ग्रुपवर सात दिवस म्हणजे युगं. आणि लिंक मेली म्हणून आत आलेली माणसं बाहेर जात नाहीत.

ऋतुजा_क

संगणकावर पाहिलं. एक, आत ३७ जण आहेत. त्यातल्या सहा नावांची मला ओळखच पटत नाही. एकाचं नाव नुसतं "king" आहे. दोन, बाबांची, काकांची, आत्यांची गाणी जशीच्या तशी आहेत. भावंडांची आणि भावाच्या मित्रांची नाचाची गाणी जवळजवळ साफ. शांत, जुनी गाणी सगळी शिल्लक.

म्हणजे तुम्ही म्हणता तशी आवडीनुसार साफसफाई.

घुबड_रात्रीचं

काका लोकांचा कट! 😄

निवांत

आमच्या घरगुती कार्यक्रमात याहून भारी झालं होतं. यादी वगैरे सगळी नीट होती, पण स्पीकर ब्लूटूथचा. ऐन रंगात आला असताना गाणं थांबलं आणि स्पीकरमधून एका पुतण्याच्या गेमचे आवाज यायला लागले. त्याचा फोन आदल्या दिवशी त्याच स्पीकरला जोडलेला होता. माझा फोन घेऊन मी जरा लांब गेलो, जोडणी तुटली आणि त्याच्या फोनने जागा पटकावली. तेव्हापासून मी म्हणतो, यादीला कुलूप नंतर लावा, आधी स्पीकरला वायर लावा.

तारसप्तक

विषय वेगळा असला तरी मुद्दा सोळा आणे खरा. समारंभाच्या दिवसाकडे वळलो की याकडे परत येतो.

ऋतुजा, आता गेलेली गाणी. स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर खात्यात Recover playlists असं पान आहे, पण ते अख्खी डिलीट झालेली प्लेलिस्ट परत आणतं. यादीतून एकेक उडवलेली गाणी त्यातून मिळत नाहीत. तेव्हा तिथे वेळ घालवू नकोस. घरात कोणी ही प्लेलिस्ट डाउनलोड करून ठेवली होती का? आणि तो फोन किंवा टॅब दोन-तीन दिवस इंटरनेटला जोडलेला नाही असं आहे का? असेल तर त्याला नेट न देता उघडायचं. नेट मिळत नाही तोवर त्याला यादीतले बदल कळत नाहीत, त्यामुळे तिथे जुनी यादी तशीच दिसते. नेट मिळालं की तीही १५१ ची होईल. म्हणून आधी फ्लाइट मोड, मग ॲप.

ऋतुजा_क

थांबा, आतेभावाचा टॅब! तो गाडीत गाणी ऐकायला डाउनलोड करतो आणि टॅबला सिमकार्ड नाही. विचारते.

ऋतुजा_क

मिळाली!! टॅब पाच दिवस बॅगेत पडून होता. फोनवरून त्याला तीन वेळा बजावलं, वायफायला हात लावू नकोस. त्यावर १९८ गाण्यांची यादी दिसली. त्याने सगळ्या यादीचे फोटो काढून पाठवले आणि मी रात्री बसून जुळवलं. गेलेल्या ६३ पैकी ५२ सापडली. उरलेली ११ टॅब बंद पडल्यानंतर टाकलेली असणार, ती ज्याची त्याला आठवतील.

आणि चोरही सापडला. मावशी. 🙈

तिला फोन केला तर शांतपणे म्हणाली, "अगं, माझ्या फोनमध्ये कसली कसली धांगडधिंग्याची गाणी येऊन बसली होती, फोन भरतो म्हणून मी काढून टाकली. तुझ्या यादीला मी कशाला हात लावू?" तिला खरंच वाटत होतं की ती स्वतःच्या फोनमधली प्रत साफ करतेय. एक तास बसून एकेक गाणं Remove केलं म्हणे. वर "बोट दुखलं माझं" हेही ऐकवलं.

बंडोपंत

मावशींची चूक म्हणवत नाही. फोटो पाठवला की प्रत्येकाच्या फोनवर वेगळी प्रत जाते. ती मी उडवली तर तुमची राहते. माणूस यादीलाही तेच गणित लावणार.

तारसप्तक

अगदी तेच. बंडोपंत, हे तुम्ही नेमकं पकडलंत. मुद्दाम कोणी काढत नाही, निदान माझ्या पाहण्यात तरी क्वचित. बहुतेक वेळा माणसाला वाटतं, ही माझी प्रत. आणखी एक गोंधळ क्रमाचा होतो. यादी नावाप्रमाणे किंवा गायकाप्रमाणे लावून पाहिली तर ती फक्त आपल्या पडद्यावर तशी दिसते, दुसऱ्याचं काही बदलत नाही. पण Custom order मध्ये असताना एखादं गाणं ओढून वर नेलं तर ते सगळ्यांसाठी हलतं. एकाच पडद्यावर एक गोष्ट खाजगी आणि दुसरी सार्वजनिक, सामान्य माणसाला कसं कळावं?

म्हणून "कृपया कोणी काढू नका" असा निरोप ग्रुपवर टाकून भागत नाही. मावशीने तो वाचला असता, मान डोलावली असती आणि तरी काढलं असतं. कारण तिच्या लेखी ती यादीतून काढतच नव्हती.

आता मांडणी. एक यादी नको, दोन कर. पहिली आत्ता आहे ती, तिचं नाव बदलून "सूचना" असं काहीतरी ठेव. ती उघडीच राहू दे. तिथे कोणी टाको, काढो, भांडो. दुसरी नवी प्लेलिस्ट, जिची मालक फक्त तू, collaborator एकही नाही. समारंभात वाजणार ती हीच. पहिलीतून दुसरीत गाणी न्यायचं काम तू किंवा तू नेमलेला एखादा माणूस करेल. म्हणजे टाकायचा हक्क सगळ्यांना आणि काढायचा हक्क एकाला, हे जे सेटिंग मिळत नव्हतं ते दोन याद्यांमुळे मिळालं.

घुबड_रात्रीचं

पण मग ३७ जणांना एकेक करून काढण्यापेक्षा नवी यादी करणं सोपं, असंच ना?

तारसप्तक

हो. collaborators च्या यादीत जाऊन एकेकाला काढता येतं, "king" ला तर मी आजच काढला असता. पण ३७ वेळा तेच करणं आणि वर "मला का काढलं?" असे ३७ फोन घेणं, त्यापेक्षा प्रत काढलेली बरी. संगणकावर यादी उघडायची, एका गाण्यावर टिचकी मारून Ctrl+A, मग उजवी टिचकी, Add to playlist, नवी प्लेलिस्ट. अर्ध्या मिनिटाचं काम.

प्रत ही त्या क्षणाची प्रत असते. नंतर "सूचना" यादीत जे येईल ते प्रतीत आपोआप येत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. मात्र प्रतीत सगळी गाणी तुझ्याच नावावर दिसतात, मूळ कोणी टाकलं ते पुसलं जातं. म्हणून मूळ यादी डिलीट करू नकोस. "हे कोणाचं गाणं" हा वाद निघाला की तीच साक्षीदार.

आणखी एक सवय लाव. रोज रात्री "सूचना" ची एक प्रत काढायची आणि नावात तारीख टाकायची. अठरा दिवसांच्या अठरा प्रती झाल्या तरी बिघडत नाही. पुन्हा मावशी घडली तर फार तर एका दिवसाचं नुकसान, टॅब शोधत फिरायला नको.

शब्दवेडी

"पुन्हा मावशी घडली तर" 😂 हा वाक्प्रचार मी आजपासून वापरणार.

माझी एक शंका. आमच्याकडे निम्म्या लोकांकडे स्पॉटिफायच नाही. आजींना खातं उघडायला लावायचं का? मी यूट्यूब म्युझिकवर करायचा विचार करतेय, ते तरी सगळ्यांकडे असतं.

तारसप्तक

कुठलंही ॲप घ्या, एक चाचणी आधी करा. आपल्याच घरातलं दुसरं खातं आत घ्या, त्या खात्यावरून मालकाचं एक गाणं काढून पाहा, मग ते गाणं मूळ खात्यावर दिसतंय का बघा. दोन मिनिटांत कळतं की कोणाला काय करता येतं. ॲपच्या बटणांची नावं आणि हक्क बदलत राहतात, मी आज सांगितलेलं पुढच्या वर्षी तसंच असेल असं नाही. ही चाचणी मात्र कधीही चालते.

आजींसाठी खातं कशाला? त्यांनी फोनवर नाव सांगायचं, नातवाने "सूचना" त टाकायचं. फार माणसं असतील तर गूगल फॉर्म करा. दोनच रकाने ठेवा, तुमचं नाव आणि गाणं. फॉर्ममध्ये माणूस टाकू शकतो पण दुसऱ्याचं काढू शकत नाही. खरं तर ऋतुजाला हवी होती ती परवानगी फॉर्ममध्येच असते. फक्त गाण्याची नावं लोक कशीही लिहितात, "ते पावसाचं" एवढंच लिहिणारेही भेटतात, आणि ती शोधून यादीत भरण्याची हमाली तुमच्यावर येते.

ऋतुजा_क

दोन याद्या केल्या. "सूचना" मध्ये ५२ परत भरली, बाकीची लोक टाकताहेत. पण आता खरी पंचाईत. २०० च्या वर गाणी झालीत आणि समारंभ साडेतीन तासांचा.

तारसप्तक

सरासरी गाणं चार मिनिटांचं धर. २१४ गाणी म्हणजे १४ तासांहून जास्त. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, साधारण ५२ गाणी. म्हणजे चारातलं एक वाजणार, तीन वगळावी लागणार. ही वगळणी कोणीतरी करणारच आहे. तू केली नाहीस तर त्या दिवशी शफल करेल.

पक्की यादीही एक नको, तीन कर: पाहुणे येतानाची, जेवणाची, नाचाची. पहिलीला एक तास, म्हणजे १५ गाणी. जेवणाला दीड तास, २२-२३. नाचाला एक तास, १५. प्रत्येकीच्या शेवटी पाच-सहा जास्तीची ठेव, कारण कार्यक्रम लांबतोच. एकच लांब यादी असली की पाहुणे अर्धा तास उशिरा आले म्हणून नाचाची गाणी जेवणात वाजतात. तीन असल्या की वेळ झाली तशी पुढची लावायची. शफल बंद, आणि Autoplay सुद्धा बंद. नाहीतर यादी संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने काहीतरी वाजवायला घेतं.

मी_मधुरा

आम्ही एक गोष्ट केली होती ती सांगते. नवरा-नवरीला विचारून दहा गाण्यांची "काहीही झालं तरी नको" अशी यादी केली. कारण कोणी विचारलं नाही. नंतर कळलं, त्यातलं एक गाणं नवरीच्या कुठल्याशा जुन्या आठवणीतलं होतं आणि ते वाजलं असतं तर ती रडली असती. अशी यादी ॲपला सांगता येत नाही, ती माणसालाच ठाऊक हवी.

ऋतुजा_क

हे फारच छान. आजच विचारते.

वगळण्याचं काय करू पण? वीस घरांची गाणी आहेत. काकांनी एकट्याने ३१ टाकलीत, एका वहिनीने एकच. सरळ हिशोबाने निवडलं तर काकांचीच यादी होईल.

निवांत

घरटी तीन. संपलं. बाकी ज्याने त्याने घरी ऐकावीत.

शब्दवेडी

घरटी तीन हा न्याय कागदावर बरा. पण वीस घरं गुणिले तीन म्हणजे साठ, जागा ५२ ची. आणि तिन्ही संथ असली तर नाचाच्या वेळी काय वाजवणार? मी म्हणेन प्रत्येक घराचं किमान एक नक्की, बाकी प्रसंग पाहून.

ऋतुजा_क

शब्दवेडी, तुझं पटतंय. वीस जागा अशा आधीच भरल्या की उरलेल्या बत्तीस माझ्या मर्जीच्या. संगणकावर Added by पाहून घरं मोजता येतात, तेवढं सोपं आहे. एकाच घरातल्या चार जणांची खाती वेगळी असतात, ते मात्र डोक्याने जोडावं लागतंय.

बंडोपंत

माझं मत: पक्की यादी कोणालाही दाखवू नका. दाखवली की ज्याचं गाणं नाही तो फोन करणार.

तारसप्तक

माझं मत उलट. पक्क्या यादीची ऐकण्याची लिंक द्यावी. ती साधी Share ची लिंक, निमंत्रणाची नाही, हे दोनदा तपासून. लोकांना यादी दिसते, ऐकता येते, बदलता येत नाही. आधी कळलं तर रुसवा आधी होतो आणि निवळतोही. समारंभात कळलं तर माणूस गाणं लावणाऱ्याच्या खनपटीला बसतो.

बंडोपंत

तुमचे नातेवाईक निवळणारे असतील. आमच्याकडे एका गाण्यावरून दोन घरांत वर्षभर अबोला होता.

घुबड_रात्रीचं

एवढा खटाटोप कशाला? जॅम करा ना. एकाने सुरू करायचं, कोड दाखवायचा, ज्याला हवं त्याने त्याच क्षणी रांगेत गाणं टाकायचं. ३२ जण येऊ शकतात. खरी मजा त्यातच.

तारसप्तक

जॅम नाचाच्या शेवटच्या टप्प्यात मस्त चालतो, पण त्याच्या अटी नीट समजून घे. सुरू करणाऱ्याकडे प्रीमियम हवं. तो यजमान, त्यामुळे कोणाला बाहेर काढायचं, कुठलं गाणं रांगेतून उडवायचं, क्रम काय, हे त्याच्या हातात असतं. पाहुण्यांना वाजतं गाणं बदलण्याचा हक्क द्यायचा की नाही, तेही त्यालाच ठरवता येतं. तो बंद ठेवायचा, नाहीतर प्रत्येक गाणं चाळीस सेकंदांत बदलतं. म्हणजे हक्कांच्या बाबतीत जॅम सामायिक प्लेलिस्टपेक्षा सरस आहे.

पण जॅमला चालू इंटरनेट लागतं. आणि मी ऋतुजाला सांगणार होतो त्याच्या हे बरोब्बर उलटं आहे. त्या दिवशी गाणी वाजवणारा फोन पूर्ण ऑफलाइन असावा. तीनही याद्या आदल्या दिवशी डाउनलोड करायच्या, फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि निवांत म्हणतात तशी वायर लावायची. यात तीन दुखणी एकदम जातात. समारंभाच्या जागी शेकडो फोन असले की नेट रडतं, त्याची फिकीर नाही. मध्येच कोणाचा फोन येऊन गाणं थांबत नाही. आणि तिसरं लोकांना माहीत नसतं: एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. तुझ्या खात्यावर धाकटा भाऊ घरी काही ऐकत बसला, तर इकडे समारंभात शांतता. फ्लाइट मोडवरच्या फोनला ते कळतच नाही, तो वाजत राहतो.

निवांत

वायर लावायची तर फोनला ते भोक असायला हवं ना! आजकालच्या फोनला नसतं. तो छोटा जोड आधीच घेऊन ठेवा. आणि तो जोड चार्जिंगच्याच भोकात बसतो, म्हणजे फोन आधी पूर्ण भरून ठेवा.

ऋतुजा_क

जुना फोन आहे, त्याला भोक आहे. तोच वापरते. घुबड, जॅम शेवटच्या अर्ध्या तासाला करू. तेव्हा फ्लाइट मोड काढेन. नेट चाललं तर ठीक, नाही चाललं तर नाचाची यादी आहेच.

ऋतुजा_क

काल रात्री घरी रंगीत तालीम केली. पक्क्या तीन याद्या, जुना फोन, वायर, फ्लाइट मोड. दोन गोष्टी हाती लागल्या. जेवणाच्या यादीतली चार गाणी डाउनलोडच झाली नव्हती, ऑफलाइन असताना ती करडी दिसतात आणि वाजत नाहीत. ऑनलाइन जाऊन पाहिलं तर तीन उतरली, एक आता तिथे उपलब्धच नाही. त्याच गाण्याची दुसऱ्या अल्बममधली आवृत्ती मिळाली, ती टाकली. दुसरं, जुन्या गाण्यानंतर नवं गाणं लागलं की आवाज एकदम अंगावर येत होता.

तारसप्तक

सेटिंगमध्ये आवाज समपातळीवर आणायची सोय आहे, Audio normalization. ती चालू कर. या फोनवर बंद असेल. आणि त्या दिवशी फोन कोणाच्या हातात?

ऋतुजा_क

तोच घोळ आहे. मी भावाची बहीण, मला फोटोंना बोलावतील. आतेभाऊ टॅबचा हिरो आहे, पण तो नाचायला पळेल. मावशी मात्र म्हणते, "मी बसते की फोनपाशी, मला कुठे नाचायचंय?"

शब्दवेडी

नको!!!

बंडोपंत

का नको? फोन ऑफलाइन आहे, मूळ "सूचना" शाबूत आहे, रोजच्या प्रती आहेत. मावशी काढून काढून काय काढतील?

तारसप्तक

ऑफलाइन फोनवरूनही पक्क्या यादीतलं गाणं उडवता येतं, बंडोपंत, कारण तो फोन मालकाच्या खात्यावर आहे. तिथे मावशी collaborator नाही, साक्षात मालक. तिला बसवायचं असेल तर फोन एका ॲपपुरता बांधून टाका, आणि तरी शेजारी कोणीतरी ठेवा.

ऋतुजा_क

मावशीला विचारलं, नाचाची गाणी लागली तर काय करशील? म्हणाली, "आवाज कमी करेन." तिच्या शेजारी आतेभावाची बायको बसतेय.